२५ ओहमचा लोड, १५ मीटर केबल आणि मीटरवरचा १.४

प्रश्न: सर, आरजी-५८ केबलच्या टोकाला ५० ओहमचे दोन डमी लोड ‘टी’ कनेक्टरने समांतर जोडून २५ ओहमचा लोड केला. १४५ मेगाहर्ट्झवर ५ वॉटचा हँडसेट लावला. एसडब्ल्यूआर २ यायला हवा, पण मीटर १.४ दाखवतो. १०० ओहमचा रेझिस्टर लावला तरी तेवढाच. मीटर बिघडलाय की आम्ही सूत्र चुकीचं वापरतोय? मीटर लॅबमध्ये सेटजवळ आहे, लोड गच्चीवर, मध्ये १५ मीटर केबल. (ई अँड टीसी, तिसरं वर्ष, नाशिक)

उत्तर:

मीटर चांगला आहे आणि तुमचं सूत्रही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलतायत, एवढंच. सूत्र सांगतं ते गच्चीवर, लोडच्या तोंडाशी काय घडतं ते. मीटर सांगतो ते खाली टेबलावर काय पोचतं ते. मधल्या १५ मीटरमध्ये केबल बरंच काही खाऊन टाकते, आणि तुमचा १.४ हा आकडा त्या खाण्याचा जवळजवळ अचूक हिशेब आहे. तुम्ही केबलची लांबी लिहिलीत हे फार चांगलं केलंत. त्याशिवाय हे उत्तर देताच आलं नसतं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएचएफ सेट आणि अँटेना दुरुस्त करतो, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मीटरवरचा आकडा चांगला दिसतोय म्हणून अँटेना चांगली आहे असं धरून चालणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. आकडा जास्त यायला हवा होता आणि कमी आला, म्हणून तुम्ही अस्वस्थ झालात. बहुतेक जण अशा वेळी खूश होऊन पुढच्या कामाला लागतात.

आधी गच्चीवर जाऊ. केबल ५० ओहमची आहे म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? मल्टिमीटर लावला तर मोकळ्या केबलच्या आतल्या तारेत आणि जाळीत ५० ओहम कुठेच दिसत नाहीत, सर्किट उघडं दिसतं. ५० हे एका दिशेने धावणाऱ्या लहरीतल्या व्होल्टेजचं आणि करंटचं गुणोत्तर आहे. केबलमधून १० व्होल्टची लहर निघाली, तर तिच्यासोबत ०.२ अँपिअर करंट असणारच. लहरीला यात निवड नसते. तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधलं पॉलिथिन यांनी ते ठरवून टाकलेलं असतं.

ही लहर टोकाला पोचते आणि समोर २५ ओहम भेटतात. रेझिस्टरचा नियम वेगळा आहे. त्याच्यावर १० व्होल्ट पडले तर त्याला ०.४ अँपिअर हवेत, आणि लहरीने आणलेत फक्त ०.२. दोघांचंही म्हणणं एकाच बिंदूवर खरं ठरायला हवं, आणि ते एकाच मार्गाने जमतं: टोकापासून एक दुसरी लहर उलट दिशेने निघते. तिच्यातही व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर ५० च असतं, पण ती मागे धावत असल्यामुळे तिचा करंट उलट्या चिन्हाने मोजला जातो. समजा ही परतीची लहर वजा ३.३३ व्होल्टची आहे. मग टोकावर एकूण व्होल्टेज १० वजा ३.३३ म्हणजे ६.६७. करंटमध्ये मात्र वजाबाकीची बेरीज होते: ०.२ अधिक ०.०६७, म्हणजे ०.२६७ अँपिअर. आता ६.६७ ला ०.२६७ ने भागा. बरोबर २५ येतात. दुसरा कुठलाही आकडा घेऊन पाहा, २५ येणार नाहीत. परतीची लहर इतकीच असावी लागते.

परतीचं व्होल्टेज भागिले जाणारं व्होल्टेज म्हणजेच परावर्तन गुणांक, रिफ्लेक्शन कोएफिशंट. वरचीच मांडणी अक्षरांत केली की पुस्तकातलं सूत्र मिळतं:

Γ = (R − Z0) / (R + Z0)

२५ ओहमला हा −1/3 येतो. १०० ओहमला +1/3. शंभरच्या बाबतीत परतीची लहर अधिक ३.३३ व्होल्टची असते, टोकावर १३.३३ व्होल्ट आणि ०.१३३ अँपिअर होतात, भागाकार १००. आकार तोच, फक्त चिन्ह उलटं. हे चिन्ह लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग त्यावरच उभा आहे.

वॉटचा हिशेबही इथेच जुळवून पाहा. जाणारी लहर १० गुणिले ०.२ म्हणजे २ वॉट आणते. परतीची ३.३३ गुणिले ०.०६७ म्हणजे ०.२२ वॉट नेते. लोडमध्ये ६.६७ गुणिले ०.२६७ म्हणजे १.७८ वॉट जिरतात. बेरीज २. म्हणजे नववा हिस्सा, साधारण ११ टक्के, परत फिरतो आणि बाकी सगळी शक्ती लोडला मिळते. एसडब्ल्यूआर २ म्हटलं की ‘अर्धी शक्ती वाया गेली’ असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही.

आता स्टँडिंग वेव्ह. टोकावर दोन लहरी एकमेकींच्या विरोधात असल्यामुळे ६.६७ व्होल्ट मिळाले. पण टोकापासून थोडं मागे सरकलं की जाणारी लहर तिथे थोडी आधी येऊन गेलेली असते आणि परतीची थोडी नंतर पोचते. पाव तरंगलांबी मागे गेलं की हा फरक अर्ध्या आवर्तनाचा होतो, दोघी एका सुरात येतात आणि तिथे १० अधिक ३.३३, म्हणजे १३.३३ व्होल्ट मिळतात. आणखी पाव तरंगलांबी मागे पुन्हा ६.६७. हे चढउतार केबलवर जागच्या जागी ठाण मांडून बसतात, म्हणून ती ‘उभी’ लहर. सर्वांत मोठं व्होल्टेज भागिले सर्वांत लहान व्होल्टेज म्हणजे एसडब्ल्यूआर:

SWR = (1 + |Γ|) / (1 − |Γ|)

तुमच्या केबलमध्ये ही अंतरं किती? हवेत १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.०७ मीटर. आरजी-५८ मध्ये भरीव पॉलिथिन असतं, त्यात लहर प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के वेगाने जाते, म्हणून केबलमधली तरंगलांबी १.३७ मीटर. पाव म्हणजे ३४ सेंटिमीटर. गच्चीवरच्या लोडपासून एक वीत नि वर चार बोटं गेलात, की सर्वांत कमी व्होल्टेजवरून जवळजवळ सगळा चढ चढून झालेला असतो.

लोड निव्वळ रेझिस्टर असेल तर एक सोपा रस्ता आहे: मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचं. १०० भागिले ५० म्हणजे २, ५० भागिले २५ म्हणजेही २. उलटं भागून ०.५ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. एसडब्ल्यूआर १ च्या खाली कधीच जात नाही.

इथपर्यंत सगळं तुमच्या वहीत असणार. वहीत नसलेली गोष्ट अशी, की वरचं सगळं लिहिताना आपण केबल अजिबात शक्ती खात नाही असं धरलं होतं. म्हणूनच केबलवर कुठेही मोजा, २ च येईल, असं वाटतं. आरजी-५८ ही बारीक केबल आहे. १४५ मेगाहर्ट्झला ती दर मीटरला सुमारे ०.२ डीबी खाते. १५ मीटरला ३ डीबी, म्हणजे एका दिशेच्या एका फेरीत अर्धी शक्ती उष्णतेत जाते.

तुमचे ५ वॉट घेऊन निघू. मीटरपाशी ५ वॉट निघाले, गच्चीवर २.५ पोचले. त्याचा नववा हिस्सा, ०.२८ वॉट, परत फिरला. उरलेले २.२२ वॉट लोडमध्ये गेले. परतीच्या ०.२८ ला पुन्हा तीच १५ मीटर केबल पार करायची आहे, तिथेही अर्धा कर बसतो, आणि मीटरपाशी पोचतात ०.१४ वॉट. मीटरला एवढंच दिसतं: ५ गेले, ०.१४ आले. शक्तीचं गुणोत्तर एकास छत्तीस. व्होल्टेजचं गुणोत्तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे एकास सहा. सूत्रात 1/6 घाला:

(1 + 1/6) / (1 − 1/6) = 7/5 = 1.4

हाच तुमचा मीटर. जाणारी लहर एकदा कमी होते आणि परतीची जाऊन-येऊन दोनदा, म्हणून मीटरला दिसणारा परावर्तन गुणांक खऱ्यापेक्षा लहान असतो. ३ डीबीच्या केबलमध्ये तो बरोबर निम्मा होतो. कुठल्याही केबलसाठी नियम असा, की एका फेरीतली तूट L डीबी असेल तर

Γ_meter = Γ_load × 10^(−L/10)

याच प्रयोगात ५ वॉटचं काय झालं ते मोजा. लोडला २.२२, मीटरपाशी परत ०.१४, आणि केबलमध्ये २.६४. शक्ती खाणारा खरा चोर केबल आहे, परावर्तन नव्हे. परावर्तनामुळे लोडला २.५ ऐवजी २.२२ मिळाले, तेवढाच त्याचा दोष. या मांडणीत कुणी मॅचिंगवर दोन दिवस घालवायला निघालं, तर मी त्याला आधी केबल बदलायला सांगेन.

स्मिथ चार्टवर केबलवरून मागे जाताना आपण वर्तुळात फिरतो असं शिकवतात. नुकसान होणाऱ्या केबलवर तो मार्ग वर्तुळ नसतो, आत आत वळत जाणारी गुंडाळी असते, आणि ती मध्याकडे, म्हणजे ५० ओहमकडे सरकत राहते. केबल पुरेशी लांब असेल तर टोकाला काहीही असलं तरी खालून ५० ओहमच दिसतात.

हे मला पुस्तकाने नाही, पिंपळगावच्या बाजूच्या एका शीतगृहाने शिकवलं. द्राक्षांचा हंगाम चालू होता. गाड्यांशी बोलायला त्यांनी व्हीएचएफ सेट बसवला होता, पत्र्याच्या शेडवर अँटेना आणि साधारण ३० मीटर आरजी-५८. आधी चांगला वीस किलोमीटर जाणारा सेट दोन किलोमीटरवर आला. मी सेटपाशी मीटर लावला. १.२ दाखवला. मी अँटेना आणि केबल ठीक आहे असं ठरवलं, सेट उघडला, दीड दिवस त्यात घालवला आणि काहीच सापडलं नाही. शेवटी शिडी लावून वर गेलो तर अँटेनाच्या बुडाशी कनेक्टरमधली मधली तार गंजून तुटलेली. अँटेना जोडलेलीच नव्हती. त्याच जागेतून पावसाळाभर पाणी आत झिरपून जाळी काळी पडली होती.

आता त्याचा हिशेब करू. टोक उघडं, म्हणजे Γ = 1, एसडब्ल्यूआर अनंत. कोरडी ३० मीटर केबल एका फेरीत ६ डीबी खाते. Γ खाली येताना पाव होतो, आणि मीटर १.७ दाखवतो. म्हणजे नव्याकोऱ्या केबलच्या टोकाला काहीही जोडलेलं नसताना मीटर १.७! पाण्याने केबलची तूट दुप्पट झाली, १२ डीबी धरा, की Γ उरतो ०.०६ आणि मीटर १.१३ दाखवतो. माझा १.२ त्याच्याच शेजारचा. केबल जितकी खराब, तितका मीटर समाधानी. तेव्हापासून जुन्या बसवणुकीत एसडब्ल्यूआर आधीपेक्षा सुधारलेला दिसला की मी प्रथम केबलवर संशय घेतो.

तुमच्या मीटरची एक मर्यादाही सांगतो. स्वस्त मीटरमध्ये परतीची लहर एका डायोडने मोजतात. ०.१४ वॉट इतक्या थोड्या शक्तीवर डायोड पुरता चालू होत नाही आणि आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. त्यामुळे तुमच्या मित्राच्या मीटरवर त्याच जोडणीत १.३ दिसला तर चकित होऊ नका. काटा एका बाजूला झुकतो तो नेहमी चांगल्याच बाजूला.

आता २५ आणि १०० मधला फरक. एसडब्ल्यूआर काढताना आपण Γ चा फक्त आकार घेतो, चिन्ह टाकून देतो. जे टाकून दिलं ते मीटर परत कुठून आणणार? केबलवर दोन्ही लोडचं चित्र सारखंच, फक्त ३४ सेंटिमीटर सरकलेलं: २५ ओहमला लोडपाशी व्होल्टेज सर्वांत कमी, १०० ओहमला लोडपाशी सर्वांत जास्त. कमाल आणि किमान तेच, म्हणून गुणोत्तरही तेच. मीटरकडून ही माहिती मिळणारच नाही, कितीही महाग घेतला तरी. चिन्ह दाखवणारं दुसरं काहीतरी हवं.

तुमच्या लोडपुरतं सर्वांत सोपं म्हणजे सेट काढून केबलच्या खालच्या टोकाला मल्टिमीटर लावा. तो २५ किंवा १०० च्या किंचित वर दाखवेल, तारेचा आणि जाळीचा मिळून फार तर एखादा ओहम जास्त. हे फक्त रेझिस्टरच्या लोडला चालतं. अँटेनाला हा उपाय लावू नका. काही अँटेना डीसीला सरळ शॉर्ट दिसतात, काही उघड्या, आणि दोन्ही उत्तम चालत असतात.

पण मला तुम्ही दुसरा प्रयोग करावा असं फार वाटतं, कारण त्यात परावर्तन डोळ्यांनी दिसतं. कॉलेजच्या लॅबमध्ये फंक्शन जनरेटर असतो, त्याचं आउटपुट बहुधा ५० ओहमचं असतं. त्यावर ५०० किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग लावा, शून्यापासून वर जाणारा, आणि काहीही न जोडता २ व्होल्ट ठेवा. जनरेटरच्या तोंडाशी बीएनसी ‘टी’, त्याच्या एका बाजूला ऑसिलोस्कोप, दुसऱ्या बाजूला तुमची १५ मीटर केबल आणि टोकाला लोड. स्कोपचा इनपुट एक मेगाओहमवरच ठेवा. ५० ओहमवर ठेवलात तर सगळा हिशेब बिघडेल.

तरंग वर चढला की पहिल्या क्षणी स्कोपवर २ नव्हे, १ व्होल्ट दिसेल. जनरेटरच्या आतले ५० ओहम आणि केबलचे ५० ओहम यांच्यात व्होल्टेज निम्मं वाटलं गेलं. टोकाला काय लावलंय हे केबलला त्या क्षणी माहीतच नसतं. बातमी जाऊन यायला ३० मीटरचा प्रवास आहे, सेकंदाला १९.८ कोटी मीटर या वेगाने, म्हणजे सुमारे १५० नॅनोसेकंद. तेवढा वेळ रेघ १ व्होल्टवर सपाट राहील. मग २५ ओहमचा लोड असेल तर ती पायरी उतरून ०.६७ वर येईल, १०० ओहमचा असेल तर चढून १.३३ वर जाईल. उतरली की चिन्ह वजा, चढली की अधिक. पायरीची उंची एक तृतीयांश व्होल्ट, म्हणजे थेट Γ च.

एक गोष्ट इथे तुमच्या नजरेत भरायला हवी. १४५ मेगाहर्ट्झला निम्मा झालेला Γ इथे जवळजवळ पूर्ण कसा दिसतो? कारण केबल वरच्या वारंवारितेला जास्त खाते आणि खालच्या वारंवारितेला फार कमी. पायरीचा शेवटचा सपाट भाग म्हणजे जवळपास डीसीच. तूट दिसते ती फक्त कोपऱ्यांत: परतीची पायरी चढतीपेक्षा थोडी गोलसर, थोडी आळसावलेली असते. तीच केबल, तोच लोड, आणि दोन मोजण्यांत दोन वेगळी उत्तरं. दोन्ही खरी.

१०० ओहमच्या रेझिस्टरबद्दल थोडं. त्याचे पाय किती लांब ठेवलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. सरळ तारेचा एक सेंटिमीटर साधारण ८ ते १० नॅनोहेन्री धरतो, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला ९ ओहमच्या आसपास रिअॅक्टन्स. दोन्ही पाय एकेक सेंटिमीटर असतील तर तुमचा लोड १०० ओहम राहत नाही, त्याला मालिकेत १८ ओहमचा इंडक्टिव्ह भाग चिकटतो. १०० वर याचा परिणाम लहान आहे, एसडब्ल्यूआर २ चा २.१ होतो. पण असाच प्रकार २५ ओहमच्या रेझिस्टरला झाला तर २ चा २.३ होतो, आणि मग ‘मोठा भागिले लहान’ हा सोपा रस्ता लागू पडत नाही, कारण तो निव्वळ रेझिस्टरसाठीच आहे. पाय कापून कनेक्टरला अगदी चिकटवून सोल्डर करा. वायरवाउंड रेझिस्टर तर घेऊच नका. तो या वारंवारितेला रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त असतो. आणि त्याची वॉटक्षमताही पाहा: गच्चीवर दोन वॉटच्या वर पोचतात, तिथे पाव वॉटचा रेझिस्टर ठेवलात तर तापून त्याची किंमतच बदलेल.

‘परत आलेली शक्ती सेट जाळते’ हा समज तुमच्याही लॅबमध्ये असणार, म्हणून त्याबद्दल. ०.१४ वॉटने काही जळत नाही. सेटच्या शेवटच्या टप्प्याला खरा त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने: त्याला ५० ओहमऐवजी वेगळा भार दिसतो. १.४ एसडब्ल्यूआर म्हणजे केबलच्या लांबीप्रमाणे सेटला ३६ ते ७० ओहमपर्यंत काहीही दिसू शकतं. तुमच्या १५ मीटरमध्ये १४५ मेगाहर्ट्झच्या सुमारे बावीस अर्ध्या तरंगलांब्या मावतात. वारंवारिता ३.३ मेगाहर्ट्झने बदलली तरी त्यात पाव तरंगलांबी वाढते आणि ३६ चे ७० होतात. म्हणून १४४ ते १४६ च्या पट्ट्यात फिरताना मीटरवर एसडब्ल्यूआर जवळजवळ हलत नाही, पण सेटचं आउटपुट थोडं वरखाली होताना दिसेल. त्यामुळे प्रत्येक वेळी मीटरचा फॉरवर्ड काटा पुन्हा खुणेवर आणून मगच परतीचा वाचा.

आता माझ्या ३ डीबीवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. तुमची केबल जुनी असेल, दुसऱ्या कंपनीची असेल, तूट वेगळी असू शकते. हँडसेट सर्वांत कमी पॉवरवर ठेवा. गच्चीवरचा लोड काढून टोक उघडं सोडा आणि दोन-तीन सेकंदांपुरतं बटण दाबून खाली एसडब्ल्यूआर वाचा. टोकाला Γ पूर्ण 1 आहे, त्यामुळे खाली जे दिसतं ते निव्वळ केबलचं काम. एका फेरीत ३ डीबी असेल तर Γ = 0.5 आणि मीटर ३ दाखवेल. टोक शॉर्ट करूनही तोच आकडा यायला हवा. दोन्हींत थोडा फरक पडला तर सरासरी घ्या. लॅबमध्ये नॅनो व्हीएनए असेल तर उत्तमच. त्यावर टोक उघडं असताना रिटर्न लॉस ६ डीबीच्या आसपास दिसेल, त्याच्या निम्मी एका फेरीतली तूट. आणि तोच तुम्हाला फेज दाखवून २५ आणि १०० मधला फरकही सांगेल, पण त्याआधी कॅलिब्रेशनचे तिन्ही तुकडे केबलच्या गच्चीवरच्या टोकाला लावून कॅलिब्रेट करा. खालच्या टोकाला कॅलिब्रेट केलात तर तोही तुमच्या मीटरसारखाच १.४ सांगेल.

उघड्या टोकाचा तुमचा आकडा मिळाला की उलटा हिशेब असा: ३ आला, म्हणजे केबल Γ निम्मा करते. लोड लावून १.४ आला, त्याचा Γ काढा, 0.4 भागिले 2.4, म्हणजे 0.167. दुप्पट करा, 0.333. सूत्रात घाला, २ परत मिळतो. उघड्या टोकाला ३ ऐवजी २.५ आला तर केबल Γ चा 1.5 भागिले 3.5, म्हणजे 0.43 हिस्साच खाली पोचवते. अशा केबलवर २५ ओहमचा लोड खालून १.३३ दिसायला हवा. तुमचा मीटर त्या वेळीही १.४ च दाखवत असेल, तर गच्चीवरच्या ‘टी’ आणि दोन्ही डमी लोडचे कनेक्टर उघडून बघा. तिथे निव्वळ २५ ओहम राहिलेले नसणार.